शेतीच्या साठ्याची नोंदवही: अवजारे, बियाणे आणि खताच्या गोण्या यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. साठ्याच्या नोंदवहीत कमीत कमी काय असावे?

प्रत्येक ओळीत सात गोष्टी असाव्यात: तारीख, वस्तूचे नाव, लॉट किंवा गोणीवरील तुकडी क्रमांक, ठेवण्याची जागा, जमा, खर्च, आणि खर्च कोणत्या प्लॉटसाठी व कोणाच्या हातून झाला. शिल्लक हा आठवा रकाना सोयीचा असला, तरी तो जमा आणि खर्च यांतूनच निघतो. म्हणून शिल्लक आधी लिहून तिच्याशी खर्च जुळवण्याची सवय लावू नये.

नोंदवही सुरू करताना अनेक जण वीस-पंचवीस रकाने आखतात आणि महिन्याभरात त्यांतले निम्मे रिकामे राहू लागतात. रकाने थोडे ठेवून ते रोज भरणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. किंमत, दुकान, बिलाचा क्रमांक ही माहिती जमेच्या वेळी एकदाच लागते. ती बिलाच्या फाइलमध्ये ठेवून नोंदवहीत फक्त बिलाचा क्रमांक लिहिला तरी पुरते.

२. ठेवण्याच्या जागेला नाव द्यावे की क्रमांक?

क्रमांक द्यावा आणि तो भिंतीवर, कप्प्यावर किंवा थप्पीच्या फळीवर रंगाने लिहावा. ‘मागच्या खोलीत, खिडकीजवळ’ ही नोंद लिहिणाऱ्याला कळते, पण त्याच्या गैरहजेरीत माल काढायला गेलेल्या माणसाला कळत नाही. खोलीसाठी एक अक्षर आणि कप्प्यासाठी किंवा थप्पीसाठी एक अंक इतका संकेत पुरतो. ‘ख-३’ म्हणजे खताच्या खोलीतील तिसरी थप्पी, ‘ब-१’ म्हणजे बियाण्याच्या कपाटाचा वरून पहिला कप्पा.

इथे एक नियम कटाक्षाने पाळावा: एका थप्पीत एकच खत आणि शक्यतो एकच तुकडी असावी. ‘ख-३’ मध्ये युरियाच्या वर पोटॅशच्या चार गोण्या चढल्या की जागेची नोंद बरोबर असूनही मोजणी चुकते. माल एका जागेवरून दुसरीकडे हलवला, तर तीही नोंद करावी. जुन्या जागेवर खर्च आणि नव्या जागेवर जमा दाखवून शेऱ्यात ‘हलवले’ असे लिहावे, म्हणजे एकूण शिल्लक न बदलता जागा बदलते.

३. खताचा हिशेब गोण्यांत ठेवावा की किलोत?

नोंदवहीत एकच एकक असावे आणि ते किलो असावे. गोणी हे माप दिसायला सोपे असले, तरी सगळ्या गोण्या सारख्या वजनाच्या नसतात. कुठे ४५ किलोची गोणी येते, कुठे ५० किलोची, तर पाण्यात विरघळणारी खते २५ किलोच्या किंवा त्याहून लहान पिशव्यांत येतात. ‘युरिया १२, पोटॅश ८’ अशी नोंद वाचून किती किलो खत आहे ते सांगता येत नाही, आणि पिकाची मात्रा मात्र नेहमी किलोतच ठरते.

तरीही गोण्यांची संख्या सोडून देऊ नये. जमेच्या ओळीत ‘९०० किलो (२० गोण्या × ४५)’ असे दोन्ही लिहावे. किलोचा हिशेब खरा आहे की नाही, हे पुढे तपासून पाहायचे साधन म्हणजे ही गोण्यांची संख्या. सहाव्या प्रश्नात ती कशी उपयोगी पडते ते दिसेल.

४. फोडलेल्या गोणीची नोंद कशी करावी?

साठ्याचे बहुतेक घोळ बंद गोण्यांत नसतात, फोडलेल्या गोण्यांत असतात. बंद गोणी मोजता येते, तिचे वजन तिच्यावर छापलेले असते, आणि ती कुठे आहे तेही दिसते. गोणी एकदा फोडली की त्यातले थोडे खत काढले जाते, थोडे परत टाकले जाते, कधी दुसऱ्या फोडलेल्या गोणीत ओतले जाते, आणि शेवटी ‘अर्धी गोणी’ असा अंदाज नोंदवहीत येतो. डोळ्यांनी अर्धी वाटणारी गोणी वजनावर १५ किलोही भरते आणि २८ किलोही भरते.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. पहिली, एका खताची एका वेळी एकच गोणी फोडलेली असावी. ती संपेपर्यंत दुसरी फोडू नये, मग दुसरी हाताशी जवळ असली तरी. दुसरी, गोणी फोडल्याची तारीख गोणीवरच जाड पेनाने लिहावी. तिसरी, त्या दिवसाचे काम संपल्यावर उरलेली गोणी काट्यावर टांगून तिचे वजन गोणीवर आणि थप्पीजवळ बांधलेल्या साठा पत्तीवर लिहावे. त्यासाठी साधा ताणकाटा किंवा टांगायचा डिजिटल काटा पुरतो. त्याची क्षमता मात्र भरलेल्या गोणीपेक्षा जास्त असावी.

वजन करून झाल्यावर आतील प्लॅस्टिकच्या अस्तराला पीळ देऊन ते घट्ट बांधावे आणि मग बाहेरचे तोंड बांधावे. नुसते बाहेरचे तोंड दुमडल्याने हवा आत जायची थांबत नाही. दमट हवेत उघडी राहिलेली गोणी पुढच्या वेळी जड भरली, तर तो खताचा फायदा नसून पाण्याचे वजन असते.

५. बादलीने किंवा घमेल्याने मोजून दिले तर चालते का?

चालते, पण प्रत्येक खतासाठी ते माप एकदा वजन करून ठरवलेले असले तरच. एकाच बादलीत वेगवेगळी खते वेगवेगळ्या वजनाची मावतात. सुटा युरिया हलका असतो. दहा लिटरच्या बादलीत तो साधारण साडेसात किलो बसतो. त्याच बादलीत डीएपी सुमारे साडेनऊ ते दहा किलो बसते आणि म्युरिएट ऑफ पोटॅश त्याहूनही थोडे जड भरते. दाण्याचा आकार, ओलावा आणि बादली हलवून दाबली की नुसती ओतली यावर या आकड्यांत फरक पडतो. म्हणून हे आकडे कोठूनही उतरवून न घेता स्वतःच्या बादलीत स्वतःचे खत भरून वजन करावे.

पद्धत सोपी आहे. रिकामी बादली काट्यावर ठेवून तिचे वजन घ्यावे, खत काठोकाठ भरून वरून पट्टी फिरवावी, पुन्हा वजन करावे आणि बादलीचे वजन वजा करावे. असे तीनदा करून सरासरी घ्यावी आणि बादलीच्या अंगावर ‘युरिया ७.५, डीएपी ९.७’ अशा स्वरूपात जो आकडा येईल तो लिहावा. नवीन तुकडी आली आणि दाणा वेगळा दिसला, तर माप पुन्हा तपासावे. या कामाला पंधरा मिनिटेही लागत नाहीत. तरी शेतातल्या नोंदींतली मोठी तफावत बहुधा याच जागी सापडते.

६. नोंदवहीपेक्षा प्रत्यक्षात जास्त माल निघाला, तर काय समजावे?

माल कमी निघाला तर सगळे घाबरतात आणि जास्त निघाला तर कोणी लक्ष देत नाही. वस्तुतः जास्त निघालेला माल ही अधिक गंभीर खूण असू शकते, कारण तेवढे खत पिकाला मिळालेलेच नसण्याची शक्यता असते. एक उदाहरण पूर्ण पाहू.

हंगामाच्या सुरुवातीला युरियाच्या ४५ किलोच्या २० गोण्या, म्हणजे ९०० किलो, ‘ख-३’ थप्पीत जमा झाल्या. शेडमध्ये एक बादली आहे, जिच्यावर कोणी तरी पूर्वी ‘१० किलो’ असे लिहून ठेवले आहे. त्या मापाने पहिल्या प्लॉटला १८, दुसऱ्याला १२ आणि तिसऱ्याला १० अशा एकूण ४० बादल्या युरिया दिला गेला. नोंदवहीत खर्च अनुक्रमे १८०, १२० आणि १०० किलो, एकूण ४०० किलो लिहिला गेला. त्यामुळे नोंदवहीतील शिल्लक ५०० किलो आहे.

प्रत्यक्ष मोजणीत १३ बंद गोण्या आणि एक फोडलेली गोणी सापडते. बंद गोण्यांचे ५८५ किलो होतात आणि फोडलेली गोणी वजन केल्यावर १५ किलो भरते, म्हणजे एकूण ६०० किलो. नोंदवहीपेक्षा १०० किलो जास्त.

अशा वेळी दोनच शक्यता असतात. एक तर जमा लिहायची राहिली आहे, किंवा खर्च प्रत्यक्षापेक्षा जास्त लिहिला गेला आहे. यांतली कोणती खरी, ते रिकाम्या गोण्या सांगतात. मोजल्यावर रिकाम्या गोण्या ६ भरल्या. १३ बंद, १ फोडलेली आणि ६ रिकाम्या मिळून २० होतात, म्हणजे न नोंदवलेली कोणतीही गोणी आलेली नाही. आता खर्च गोण्यांवरून काढावा. सहा रिकाम्या गोण्यांचे २७० किलो आणि फोडलेल्या गोणीतून गेलेले ३० किलो मिळून ३०० किलो होतात. चाळीस बादल्यांत ३०० किलो, म्हणजे बादलीला साडेसात किलो. बादली काट्यावर तपासली की तेच वजन येते. ‘१० किलो’ हे माप कोणी तरी डीएपी भरून ठरवलेले होते.

आता दुरुस्ती. जुन्या ओळी खोडू नयेत. आजच्या तारखेने नवीन ओळ घालून खर्चातून १०० किलो वजा करावेत आणि शेऱ्यात ‘बादलीचे माप चुकीचे, युरियाची बादली ७.५ किलो’ असे लिहावे. पण इथे थांबले तर अर्धेच काम होते. प्रत्येक प्लॉटला किती खत दिले ते ज्या पानावर लिहिले जाते, त्या प्लॉटच्या पानावरही दुरुस्ती करावी लागते. पहिल्या प्लॉटला १८० नव्हे तर १३५ किलो, दुसऱ्याला १२० नव्हे तर ९० आणि तिसऱ्याला १०० नव्हे तर ७५ किलो युरिया मिळाला आहे. युरियात नत्र ४६ टक्के असते, त्यामुळे तिन्ही प्लॉट मिळून ४६ किलो नत्र कमी पडले आहे. पीक अजून उभे असेल आणि नत्र देण्याची वेळ टळली नसेल, तर ही चूक वेळेवर सापडल्याचा उपयोग होतो. वेळ टळली असेल, तर निदान उत्पादन कमी का आले याचा तर्क चुकीच्या दिशेने जात नाही.

७. माल कमी निघाला तर कोणत्या क्रमाने शोधावे?

आधी गोण्यांची बेरीज करावी. बंद, फोडलेल्या आणि रिकाम्या गोण्या मिळून आलेल्या गोण्यांएवढ्या होत असतील, तर माल आवारातून गोणीसकट गेलेला नाही. तेव्हा तफावत खर्चाच्या नोंदीत आहे. एखाद्या दिवसाची नोंद राहिली असेल, बादली ठरलेल्या मापापेक्षा जास्त भरली जात असेल, किंवा गोणी फाटून खत सांडले असेल. थप्पीच्या तळाशी सांडलेले खत, फाटलेले कोपरे आणि खरखरीत फळीवर घासलेली गोणी बघितल्यावर शेवटचे कारण लगेच कळते.

गोण्यांची बेरीजच कमी भरत असेल, तर अख्खी गोणी कोठे तरी गेली आहे. उसनी दिलेली गोणी हे याचे सर्वांत नेहमीचे कारण असते, कारण देणारा ती खर्च मानत नाही आणि परत येईपर्यंत लिहीतही नाही. उसनवारीसाठी वेगळे पान न करता तीच ओळ वापरावी: खर्च ४५ किलो, प्लॉटच्या रकान्यात ‘उसने’, आणि परत आल्यावर जमा. मात्र रिकाम्या गोण्या इतर कामांसाठी घेतल्या जात असतील, तर या तपासणीचा आधारच निघून जातो. म्हणून हंगाम संपेपर्यंत रिकाम्या गोण्या बांधून एका ठिकाणी ठेवाव्यात.

८. थप्पी मोजताना चूक कशी होते?

‘एका थरात पाच, थर सहा, म्हणून तीस’ हा गुणाकार थप्पी पूर्ण असेल तरच बरोबर येतो. मागच्या बाजूने किंवा मधून गोण्या काढलेल्या असतील, तर समोरून थप्पी भरलेलीच दिसते. त्यासाठी भिंत आणि थप्पी यांच्यात माणूस जाईल एवढी मोकळी जागा ठेवावी. तिचा उपयोग हवा खेळण्यासाठीही होतो. वरचा थर अपुरा असेल, तर तो वेगळा मोजावा.

९. कोणत्या वस्तू एकमेकींशेजारी ठेवू नयेत?

जागेचा रकाना फक्त शोधण्यासाठी नसतो. कोणाच्या शेजारी काय आहे, तेही तो सांगतो. हवेतील आर्द्रता एका मर्यादेपलीकडे गेली की प्रत्येक खत हवेतून पाणी ओढू लागते. ३० अंश सेल्सिअस तापमानाला युरियासाठी ही मर्यादा सुमारे ७२ ते ७५ टक्के असते, अमोनियम नायट्रेटसाठी ती साठच्या किंचित खाली असते. ही दोन खते एकमेकांत मिसळली तर मिश्रणाची मर्यादा सुमारे १८ टक्क्यांवर येते. इतकी कोरडी हवा शेडमध्ये जवळपास कधीच नसते, त्यामुळे या मिश्रणाला पाणी सुटून त्याचा चिखल होतो. म्हणून युरिया आणि अमोनियम नायट्रेट असलेली खते वेगवेगळ्या जागी ठेवावीत. सांडलेले खत झाडून त्यांच्यापैकी कोणत्याही गोणीत परत टाकू नये आणि दोन्हींसाठी एकच घमेले न पुसता वापरू नये. युरिया आणि सुपर फॉस्फेट मिसळून ठेवल्यावरही पाणी सुटते. ते मिसळायचे असतील, तर टाकायच्या वेळीच मिसळावेत.

अमोनियम नायट्रेट असलेली खते डिझेल, तेल, भुसा, वाळलेला चारा यांपासून पूर्णपणे वेगळी ठेवणे सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक आहे. त्या बाबतीत जागेची अडचण ही सबब चालत नाही. बियाणे आणि खत यांनाही एका खोलीत ठेवू नये, कारण खत धरून ठेवत असलेला ओलावा बियाण्याच्या उगवणीला मारक असतो. कीटकनाशके या नोंदवहीत लिहिता येतात, परंतु त्यांची जागा कुलूपबंद आणि सर्वांपासून वेगळी हवी.

१०. खताचे ढेकूळ झाले तर ते साठ्यातून कमी करावे का?

नाही. युरियाचा दगड झाला म्हणून त्यातील नत्र नाहीसे होत नाही. ढेकळे फोडून, चाळून खत वापरता येते. नोंदवहीत त्याची शिल्लक तशीच ठेवावी, शेऱ्यात ‘ढेकूळ, आधी वापरावे’ असे लिहावे, आणि यंत्राने पेरून द्यायचे असेल तर ते खत बाजूला ठेवावे. पाणी सुटून गोणीतून गळू लागलेल्या खताची गोष्ट वेगळी आहे. तिथे वजन आणि अन्नद्रव्य दोन्हींचा भरवसा राहत नाही, म्हणून ते नुकसान म्हणून खर्चात लिहावे.

११. बियाण्याची नोंद खताच्या नोंदीपेक्षा वेगळी कशी?

खताच्या दोन गोण्या सहसा एकसारख्या मानता येतात, बियाण्याच्या दोन पिशव्या मानता येत नाहीत. एकाच वाणाचे दोन लॉट उगवणीत वेगळे असू शकतात. त्यामुळे बियाण्याची ओळ वाणावर न थांबता लॉट क्रमांकावर जावी. तिच्यात पिशवीवर छापलेली उगवण क्षमता, चाचणीची तारीख, वापरण्याची मुदत आणि बीजप्रक्रिया झाली आहे की नाही हे असावे. कोणता लॉट कोणत्या प्लॉटमध्ये कोणत्या दिवशी पेरला, ते खर्चाच्या रकान्यात लिहावे. उगवण विरळ झाली, तर दोष बियाण्याचा, पेरणीच्या खोलीचा की ओलीचा हे ठरवताना हीच नोंद कामी येते. दोन प्लॉटमध्ये एकच लॉट पेरला असून एकातच उगवण विरळ असेल, तर संशय बियाण्यावरून जमिनीकडे वळतो.

पिशवीची चिठ्ठी, बिल आणि मूठभर बियाण्याचा नमुना काढणीपर्यंत एका पाकिटात ठेवावा आणि पाकिटावर नोंदवहीतील ओळीचा क्रमांक लिहावा. बीजप्रक्रिया केलेले बियाणे रंगीत असते. ते खाण्यासाठी किंवा जनावरांना चालत नाही, आणि ही सूचना नोंदवहीबरोबरच डब्यावरही लिहिलेली हवी.

१२. मागील हंगामातील उरलेले बियाणे शिल्लक म्हणून धरावे का?

वजन शिल्लक म्हणून धरावे, पण ते तेवढेच उपयोगी आहे असे धरू नये. पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी उगवण तपासावी. निवड न करता १०० बी मोजून घ्यावे, ओल्या कापडात किंवा जाड कागदात ओळीने मांडावे, गुंडाळून सावलीत ठेवावे आणि ओल टिकवावी. मक्यासाठी सात दिवसांनी, गहू, सोयाबीन व हरभऱ्यासाठी आठ, तर कांदा व कापसासाठी बारा दिवसांनी मोजणी करावी. फक्त निरोगी मूळ आणि कोंब असलेली रोपे मोजावीत. फुगलेले, बुरशी आलेले किंवा मूळ तुटलेले बी उगवले असे धरू नये.

समजा, पिशवीवर ८० टक्के उगवण छापलेली होती आणि चाचणीत ६४ निरोगी रोपे मिळाली. तर पूर्वी जिथे १० किलो बियाणे लागत होते, तिथे आता १० × ८० ÷ ६४, म्हणजे साडेबारा किलो लागेल. दुसऱ्या शब्दांत, उरलेले १० किलो बियाणे कामाच्या दृष्टीने ८ किलो आहे. नोंदवहीत १० किलो तसेच ठेवून शेऱ्यात ‘चाचणी ६४ टक्के’ आणि तारीख लिहावी. उगवण फारच खाली आली असेल, तर मात्रा वाढवण्याच्या नादी लागू नये, कारण अशा बियाण्याची उगवलेली रोपेही बहुधा अशक्त असतात.

कांद्याचे आणि सोयाबीनचे बी लवकर उतरते, गव्हाचे त्यामानाने टिकते. साठवणुकीचा ढोबळ नियम असा आहे की बियाण्यातील ओलावा १ टक्क्याने किंवा तापमान सुमारे ५ अंशांनी कमी केले, तर आयुष्य जवळपास दुप्पट होते. हा नियम ओलाव्याच्या साधारण ५ ते १४ टक्क्यांच्या टप्प्यात लागू पडतो. हवाबंद डबा मात्र नीट वाळलेल्या बियाण्यासाठीच वापरावा. तृणधान्याचे बी कापडी पिशवीत १२ टक्के ओलाव्यावर ठेवता येते, हवाबंद डब्यासाठी ते ८ टक्क्यांच्या आसपास हवे. ओलसर बी हवाबंद डब्यात घातले, तर ते उघड्या पिशवीपेक्षा लवकर खराब होते.

१३. अवजारांचीही जमा-खर्च अशी नोंद ठेवायची का?

अवजारे खर्च होत नाहीत, बाहेर जातात आणि परत येतात. म्हणून त्यांच्यासाठी दोन याद्या पुरतात. एका यादीत प्रत्येक अवजाराचा क्रमांक, ठरलेली जागा आणि स्थिती असावी. दुसऱ्या यादीत कोणी नेले, कधी नेले आणि कधी परत आले एवढे असावे. क्रमांक दांड्यावर डागून किंवा पात्यावर रंगाने घालावा. खुरपी आणि विळे यांसारख्या अनेक सारख्या वस्तूंना प्रत्येकी क्रमांक देणे जड जाते. तिथे फक्त संख्या मोजावी. भिंतीवर टांगायच्या अवजारांची बाह्यरेषा रंगवून ठेवली की नोंदवही न उघडताही रिकामी जागा दिसते.

फवारणी पंपाबाबत मात्र एक नोंद सक्तीची समजावी. तणनाशकासाठी वापरलेला पंप वेगळ्या क्रमांकाचा, वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या जागी ठेवलेला असावा. आत राहिलेल्या तणनाशकाने पिकाचे नुकसान झाल्यावर ‘कोणता पंप होता’ हा प्रश्न विचारून उपयोग नसतो.

१४. नोंद लगेच लिहावी की दिवसाअखेर?

थप्पीजवळ दोरीला बांधलेली साठा पत्ती आणि पेन्सिल ठेवावी व माल काढणाऱ्यानेच तिथल्या तिथे तारीख, किलो आणि प्लॉट लिहावा. नोंदवहीत आठवड्यातून एकदा पत्तीवरून उतरवले तरी चालते. दोन्हींत फरक आढळला, तर पत्ती खरी धरावी, कारण ती मालाजवळ आणि मालाच्या वेळी लिहिलेली असते. पेन्सिल यासाठी की दमट खोलीत शाई पसरते.

प्रत्यक्ष मोजणी रोज करण्याची गरज नाही. प्रत्येक खत देऊन झाल्यावर त्या एका खताची मोजणी करावी, आणि खरेदीपूर्वी सगळ्या साठ्याची करावी. खत दिल्यावर लगेच केलेली मोजणी लहान आणि नेमकी असते. सहाव्या प्रश्नातील बादलीची चूक पहिल्या प्लॉटनंतरच, ४५ किलोच्या फरकाला सापडली असती.

१५. संगणकावरील तक्ता वापरायचा असल्यास काय जपावे?

तारीख, वस्तू, लॉट, जागा, जमा, खर्च, प्लॉट व कोणाच्या हातून, आणि शेरा असे रकाने A पासून H पर्यंत घ्यावेत. एका वस्तूची शिल्लक अशी काढता येते:

```
=SUMIFS(E:E,B:B,"युरिया")-SUMIFS(F:F,B:B,"युरिया")
```

एखाद्या जागेपुरती शिल्लक हवी असेल, तर दोन्ही भागांत `D:D,"ख-३"` ही अट जोडावी. हे सूत्र नावाची अक्षरे तंतोतंत जुळवते. एका ओळीत ‘युरिया’ आणि दुसरीत ‘यूरिया’ असेल, किंवा शेवटी चुकून एक मोकळी जागा पडली असेल, तर ती ओळ बेरजेत येत नाही आणि तक्ता चूक दाखवतही नाही. म्हणून वस्तूंची नावे टाइप न करता यादीतून निवडण्याची सोय लावावी. जमा आणि खर्च यांत फक्त किलोचा आकडा लिहावा. ‘४५ किलो’ असे अक्षरांसह लिहिले, तर तो मजकूर ठरतो आणि बेरजेतून गळतो.

१६. या नोंदींवरून पुढील खरेदी कशी ठरवावी?

लागणाऱ्या खतातून प्रत्यक्ष मोजलेली शिल्लक वजा करावी. नोंदवहीतील शिल्लक या कामासाठी वापरू नये. वरच्याच उदाहरणात पुढील हंगामाला ५५० किलो युरिया लागणार असेल, तर नोंदवहीतील ५०० किलोंवरून ५० किलो कमी दिसतात आणि दोन गोण्या मागवल्या जातात. मोजणीनुसार मात्र ६०० किलो आहेत आणि सर्व गरज भागून ५० किलो उरतात.

लागणारे खत ठरवताना मागील वापराचा आधार घेतला जातो, तेव्हा अधिक सावध राहावे. मागील हंगामात ‘४०० किलो दिले आणि पीक ठीक आले’ असे धरून तीच मात्रा नव्या, बरोबर मापाच्या बादलीने दिली, तर पिकाला प्रत्यक्षात गेल्या वेळेपेक्षा एक तृतीयांश जास्त युरिया मिळेल. ती वाढ हवी आहे की नाही, हे माती परीक्षण आणि पिकाची शिफारस पाहून ठरवावे. त्यासाठी प्लॉटच्या पानावर दुरुस्त केलेला ३०० किलोचाच आकडा असणे आवश्यक आहे.